एका ताकीदपत्राची घडण

लग्नाची बोलणी जवळपास उरकली होती. मानपानाचं ठरलं, तारीख आणि कार्यालय तेवढं बघायचं राहिलं होतं. तेवढ्यात मुलीकडच्या एका काकांनी मुलाच्या वडिलांना विचारलं, "ते तुमचं कॅश क्रेडिटचं खातं थकलंय म्हणे, त्याचं काय झालं?" वडिलांच्या तोंडून शब्द फुटेना. दुकानावरचं कर्ज थकल्याचं त्यांनी घरातही कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी शाखा उघडताच ते शाखाधिकाऱ्यांच्या समोर जाऊन बसले. त्यांच्या मोबाइलवर, मुलीकडच्याच एका भल्या माणसाने पाठवलेला, बँकेच्या संगणकाच्या पडद्याचा फोटो होता. त्यात त्यांचं नाव, खातेक्रमांक, थकलेली रक्कम, सगळं स्पष्ट वाचता येत होतं.

हा प्रसंग आणि पुढची त्याची हकीकत इथे समजावून सांगण्यासाठी रचली आहे. बँक काल्पनिक आहे, माणसंही. पण तालुक्याच्या गावात नागरी सहकारी बँकेची शाखा ज्याने पाहिली आहे, त्याला यातलं काहीच अनोळखी वाटणार नाही. फोटो काढणारा लिपिक मुलीच्या काकांचा मामेभाऊ होता. त्याला एक पैसा मिळाला नव्हता. "जरा बघून सांग ना, मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे," असं काकांनी म्हटलं आणि त्याला नाही म्हणता आलं नाही.

ग्राहकांची माहिती फुटल्याच्या बातम्या येतात त्या लाखो नोंदी पळवणाऱ्या टोळ्यांच्या. शाखांमध्ये, दवाखान्यांत, पतसंस्थांत मात्र माहिती जाते ती बहुतेक वेळा अशी, नात्यापोटी, भिडेपोटी. तिथे पोलीस येत नाहीत, नोकरीही जात नाही. तिथे उपाय असतो लेखी ताकीद. हे एक-दोन पानांचं पत्र नीट लिहिलं तर पुढची फूट थांबवतं. घाईने लिहिलं तर ते सहा महिन्यांत निकामी होतं, आणि कधीकधी ग्राहकाचं दुसऱ्यांदा नुकसान करतं. म्हणून ते कसं तयार होतं हे नीट बघण्यासारखं आहे.

शाखाधिकाऱ्यांचा पहिला विचार साहजिकच असा असतो की लिपिकाला केबिनमध्ये बोलवावं, झापावं आणि त्याच्याकडून तो फोटो तिथल्या तिथे डिलीट करून घ्यावा. हीच सर्वांत महागात पडणारी चूक. फोटो कुणाकुणाला गेला, कधी गेला, कुणी पुढे ढकलला, याचा पुरावा त्या मोबाइलमध्येच असतो. डिलीट केल्यावर उरतो तो फक्त दोघांचा शब्द. आधी ग्राहकाकडचा फोटो जसाच्या तसा घ्यायचा, तो कोणत्या दिवशी कुणाकडून आला हे ग्राहकाच्या लेखी तक्रारीत नोंदवून घ्यायचं, आणि मुख्य कार्यालयाच्या आयटी विभागाकडून त्या खात्याचा लॉग मागवायचा. पुसणं, खोडणं हे सगळं त्यानंतर.

बँकांच्या सीबीएस प्रणालीत नुसतं खातं उघडून पाहिलं तरी त्याची नोंद ठेवण्याची सोय असते. आपल्या शाखेच्या लॉगमध्ये असं दिसलं: १२ तारखेला दुपारी ४ वाजून ५२ मिनिटांनी त्या लिपिकाच्या युजर आयडीवरून कर्जखात्याची चौकशी उघडली गेली, मग उतारा उघडला गेला, आणि ४ वाजून ५४ मिनिटांनी पडदा बंद झाला. त्या दिवशी त्या खात्यावर एकही व्यवहार नव्हता. व्हाउचर नाही, धनादेश नाही, ग्राहकाचा अर्ज नाही. म्हणजे खातं उघडायला बँकेच्या कामाचं काही कारणच नव्हतं. फोटोच्या वरच्या पट्टीत शाखेचा क्रमांक, तारीख आणि तोच युजर आयडी दिसत होता. दोन वेगळ्या ठिकाणचे पुरावे एकमेकांशी जुळले.

इथे एक खड्डा आहे आणि छोट्या शाखांमध्ये त्यात हमखास पाय जातो. अधिकारी जेवायला जाताना किंवा गर्दीच्या दिवशी आपला पासवर्ड क्लार्कला सांगून ठेवतात, एकाच्या आयडीवर दुसरा काम करतो. अशा शाखेत लिपिकाने "आयडी माझा असेल, पण तेव्हा जागेवर मी नव्हतो" असं म्हटलं की लॉगचं वजन संपतं. मग हजेरी, बोटाच्या ठशाचं लॉगिन असेल तर त्याची नोंद, आणि सीसीटीव्हीचं चित्रण, यांचा आधार घ्यावा लागतो. सीसीटीव्हीचं जुनं चित्रण काही काळाने आपोआप पुसलं जातं. त्यामुळे तक्रार आली त्याच दिवशी ते वेगळं काढून ठेवायला सांगणं हे शाखाधिकाऱ्यांचं काम आहे. चौकशीत शाखाधिकाऱ्यांनीच आपला पासवर्ड वाटला होता असं निघालं, तर ताकीदपत्र एक नाही, दोन लिहावी लागतात.

पुरावा हाती आला म्हणून लगेच ताकीद देता येत नाही. आधी खुलासा मागवायचा. याला कुणी मेमो म्हणतं, कुणी कारणे दाखवा नोटीस. त्यात आरोप काय, कोणत्या तारखेचा, कोणत्या नियमाखाली, आणि उत्तर कधीपर्यंत द्यायचं, एवढं असावं. मुदत सेवानियमांत दिलेली असेल ती पाळायची, दिलेली नसेल तर माणसाला विचार करून, एखाद्या सहकाऱ्याचा किंवा युनियनच्या प्रतिनिधीचा सल्ला घेऊन लिहिता येईल इतकी द्यायची. संध्याकाळी पाचला मेमो आणि सकाळी दहाला उत्तर, ही मुदत नव्हे. सेवापुस्तकात कायमची राहणारी आणि बढतीच्या वेळी समोर येणारी ताकीद ही शिक्षाच असते, आणि बाजू न ऐकता दिलेली शिक्षा अपिलात टिकत नाही.

आपल्या लिपिकाने खुलाशात तीन गोष्टी लिहिल्या. फोटो मीच काढला. पैसे घेतले नाहीत. आणि तिसरी, "सदर खातेदाराचे खाते थकल्याचे बाजारपेठेत बऱ्याच जणांना ठाऊक आहे, त्यामुळे ही माहिती गोपनीय म्हणता येणार नाही." हा तिसरा मुद्दा फार ठिकाणी ऐकू येतो आणि तो ऐकून अधिकारीही थोडे विरघळतात. त्याचं उत्तर शोधायला शंभर वर्षं मागे, लंडनला जावं लागतं.

टूर्निए नावाच्या एका माणसाचं तिथल्या नॅशनल प्रोव्हिन्शियल बँकेत खातं होतं. ते ९ पौंड, ८ शिलिंग आणि ६ पेन्सने ओव्हरड्रॉ झालं होतं. आठवड्याला एक पौंड देऊन फेडीन असं त्याने लिहून दिलं आणि ज्या कंपनीत तो तीन महिन्यांच्या करारावर विक्रेता म्हणून लागणार होता तिचा पत्ता दिला. हप्ते थांबले. शाखा व्यवस्थापकाने त्याच्या घरचा पत्ता मिळवायला त्या कंपनीला फोन केला. बोलता बोलता त्याने सांगून टाकलं की याचं खातं उलटं आहे आणि याचे पैसे एका बुकीकडे जाताना दिसले आहेत. तीन महिने संपले तेव्हा कंपनीने करार वाढवला नाही. टूर्निएने बँकेवर दावा लावला, आणि १९२४ च्या कायदा-अहवालांत छापून आलेल्या या खटल्यात अपील न्यायालयाने असा निर्णय दिला की ग्राहकाची गुप्तता राखणं हा बँकेने ग्राहकाशी केलेल्या कराराचाच, न लिहिलेला पण बंधनकारक, भाग आहे.

यातली बारीक गोष्ट अशी. बुकीबद्दलची माहिती व्यवस्थापकाला टूर्निएच्या खात्यात सापडलीच नव्हती. एका दुसऱ्या ग्राहकाने टूर्निएला दिलेला धनादेश टूर्निएने स्वतःच्या खात्यात न भरता तिसऱ्याच्या नावे केला, तो दुसऱ्या बँकेत वटला, आणि त्या बँकेत विचारणा केल्यावर तो तिसरा माणूस बुकी निघाला. तरीही न्यायाधीशांच्या बहुमताने ती माहिती गुप्ततेच्या कक्षेत धरली, कारण बँक म्हणून वागताना ती हाती आली होती. बाजारात कोण काय बोलतं याचा इथे संबंध येत नाही. बाजारातली कुजबुज ही कुजबुज असते. बँकेच्या पडद्याचा फोटो तिच्यावर शिक्का मारतो. लग्नाच्या बैठकीत काकांनी तो प्रश्न एवढ्या खात्रीने विचारला तो फोटो हातात होता म्हणूनच.

त्याच निकालात गुप्तता सोडता येण्याची चार कारणंही सांगितली: कायद्याची सक्ती, सार्वजनिक हिताचं कर्तव्य, बँकेच्या स्वतःच्या हिताची गरज, आणि ग्राहकाची उघड किंवा गृहीत संमती. भारतातल्या बँका आजही याच चौकटीत विचार करतात. राष्ट्रीयीकृत बँकांसाठी १९७० च्या राष्ट्रीयीकरणाच्या कायद्यातलं कलम १३ आहे. कर्मचाऱ्यांना निष्ठा आणि गुप्ततेच्या ज्या प्रतिज्ञेवर सही करावी लागते ती त्यातूनच येते. २००४ साली सर्वोच्च न्यायालयाने हैदराबादचे जिल्हा निबंधक विरुद्ध कॅनरा बँक या खटल्यात आणखी स्पष्ट केलं की कागद बँकेच्या ताब्यात दिले म्हणून त्यांवरचा ग्राहकाचा खासगीपणाचा हक्क संपत नाही. नात्यातल्या मुलीचं लग्न चारपैकी कोणत्याच कारणात बसत नाही.

आता कलमाकडे येऊ, कारण ताकीदपत्राचा कणा तोच आहे. बऱ्याच पत्रांत नुसतं लिहिलेलं असतं: "आपण बँकेच्या नियमांचा भंग केला आहे." कोणता नियम? ज्याला पत्र मिळालं त्याला ते कळत नाही, आणि पुढे अपील ऐकणाऱ्यालाही कळत नाही. कलम नेमकं कसं लिहिलेलं असतं याचा चांगला नमुना म्हणजे सार्वजनिक क्षेत्रातल्या बँकांच्या कामगार-कर्मचाऱ्यांच्या शिस्तभंगाबद्दलचा १० एप्रिल २००२ चा द्विपक्षीय करार. त्याच्या कलम ५ मध्ये गंभीर गैरवर्तनाचे प्रकार दिले आहेत आणि त्यातला दुसराच, म्हणजे ५(ब), बँकेच्या किंवा तिच्या कोणत्याही ग्राहकाच्या व्यवहारांची गोपनीय माहिती अधिकार नसताना उघड करण्याबद्दलचा आहे. माहिती उघड झाल्याने बँकेच्या हिताला बाधा येण्याची शक्यता असेल तरी तो लागू होतो. पैसे घेतलेच पाहिजेत अशी अट त्यात नाही. म्हणजे "मी काही कमावलं नाही" हे शिक्षा सौम्य करायचं कारण होऊ शकतं, दोषमुक्त व्हायचं नाही. आणि गंभीर गैरवर्तन म्हटलं म्हणून बडतर्फीच झाली पाहिजे असंही नाही. त्याच कराराच्या कलम ६ मधल्या शिक्षांच्या यादीत बडतर्फीपासून ताकदेपर्यंत सगळं आहे.

सहकारी बँकेला हा करार आपोआप लागू नसतो. तिचे स्वतःचे सेवानियम असतात. आपल्या काल्पनिक बँकेच्या सेवानियम २३(४) मध्ये लिहिलं आहे की "कोणत्याही खातेदाराच्या व्यवहारांची माहिती, सक्षम अधिकाऱ्याच्या लेखी परवानगीशिवाय, कोणत्याही त्रयस्थ व्यक्तीस कोणत्याही स्वरूपात उघड करणे" हे गैरवर्तन आहे. नियम जुना आहे, त्यात मोबाइल किंवा फोटो हे शब्द नाहीत, पण "कोणत्याही स्वरूपात" यात फोटो येतो. नियम मात्र लिपिकाला माहीत करून दिलेला हवा. म्हणून पत्रात नियमाचा मजकूर उतरवायचा आणि लिपिकाने कोणत्या तारखेला सेवानियमांच्या प्रतीवर आणि गुप्ततेच्या प्रतिज्ञेवर सही केली तेही लिहायचं. ती सही फाइलमध्ये सापडत नसेल तर ताकीद कमजोर होते, आणि मग चूक कर्मचारी विभागाची असते.

आणखी एक पेच. लिपिकाने दोन कृत्यं केली: काम नसताना खातं उघडलं, आणि फोटो बाहेर दिला. ही दोन वेगळी आहेत. नियम २३(४) दुसऱ्याबद्दल आहे, पहिल्याबद्दल नाही. बँकेच्या माहिती सुरक्षा धोरणात "कामाच्या गरजेपुरतीच खाती पाहावीत" असं कलम असेल तर पहिलं कृत्य त्याखाली स्वतंत्रपणे मांडता येतं. नसेल तर ते ओढूनताणून २३(४) मध्ये बसवायचं नाही, आणि धोरणात तसं कलम घालायचं काम संचालक मंडळापुढे न्यायचं. एकाच वाक्यात पाच नियम कोंबून "इत्यादी" लिहिलेलं पत्र कडक वाटतं. अपिलात त्यातलं एक जरी लागू नाही असं ठरलं तरी सगळ्या पत्रावर शंका येते.

या सगळ्यातून तयार झालेल्या पत्राचा गाभा असा:

"दि. १२ रोजी दुपारी ४.५२ ते ४.५४ या वेळेत आपण आपल्या युजर आयडीवरून तक्रार क्र. ७ मधील खातेदाराचे कर्जखाते, बँकेच्या कामाचे कारण नसताना उघडले, पडद्याचा फोटो काढला व तो आपल्या नातेवाइकास पाठविला. आपण आपल्या खुलाशात हे मान्य केले आहे. सदर माहिती अन्य मार्गाने लोकांस ठाऊक होती हा आपला मुद्दा विचारात घेतला, परंतु त्यामुळे बँकेच्या नोंदी उघड करण्याचा अधिकार आपणास प्राप्त होत नाही, सबब तो अमान्य करण्यात येत आहे. आपले हे कृत्य सेवानियम २३(४) चा भंग आहे. आपली मागील अकरा वर्षांची निर्दोष सेवा व आर्थिक लाभाचा अभाव लक्षात घेऊन आपणास ही लेखी ताकीद देण्यात येत आहे."

या मजकुरात ग्राहकाचं नाव नाही, खातेक्रमांक नाही, थकलेली रक्कमही नाही. "तक्रार क्र. ७ मधील खातेदार" एवढंच आहे. ताकीदपत्र टंकणाऱ्याच्या, कर्मचारी विभागाच्या, युनियनच्या प्रतिनिधीच्या, अपील झालं तर संचालकांच्या हातून जातं. त्यात नावगाव घातलं तर ज्या माहितीसाठी ताकीद दिली तीच माहिती बँक स्वतः आणखी सात-आठ जणांना वाटते. खरा तपशील तक्रारीच्या बंद फाइलमध्ये ठेवायचा. याच कारणासाठी इतरांना जरब बसावी म्हणून ताकीद सूचनाफलकावर किंवा शाखेच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकायची नाही. ती लिपिकाच्या नावाची असते, आणि त्याच्या खासगीपणालाही मोल आहे.

दुसरं, पत्रात कृत्याच्या सीमा आखल्या आहेत: एक दिवस, एक खातं, एक फोटो. एका कृत्यासाठी शिक्षा देऊन झाल्यावर त्याच कृत्यासाठी पुन्हा शिक्षा देता येत नाही. पत्र जर "आपण ग्राहकांची माहिती वेळोवेळी बाहेर दिली" असं मोघम असेल आणि तीन महिन्यांनी त्याच लिपिकाने आधी आणखी वीस खात्यांचे उतारे एका कर्जएजंटाला विकल्याचं उघड झालं, तर "मला त्याबद्दल ताकीद मिळाली आहे" असं तो म्हणू शकेल. तारीख आणि वेळ लिहिल्याने ती वाट बंद होते.

ताकीद संपते तिथे दुरुस्तीची पावलं सुरू होतात, आणि याच ठिकाणी बरीच पत्रं "यापुढे दक्षता घ्यावी" म्हणून सही मारून मोकळी होतात. दक्षता म्हणजे काय करायचं, कधीपर्यंत, आणि ते झालं हे कोण बघणार, हे लिहिलं नाही तर सहा महिन्यांनी मोजायला काहीच उरत नाही.

आपल्या लिपिकाकडून बँकेने पहिली मागणी केली ती साखळीची. फोटो कुणाला पाठवला, कोणत्या ग्रुपवर टाकला, त्याच्या माहितीप्रमाणे पुढे कुणाकडे गेला, याचं लेखी निवेदन दोन दिवसांत. मग ज्याला फोटो दिला त्या काकांना तो काढून टाकायला सांगायचं आणि त्यांनी तसं केल्याचं लेखी कळवायचं. त्यानंतर, फोटोची प्रत चौकशीच्या फाइलमध्ये सुरक्षित असल्याची खात्री झाल्यावर, स्वतःच्या मोबाइलमधला फोटो शाखाधिकाऱ्यांसमोर डिलीट करायचा. गॅलरीतला, व्हॉट्सअॅपमधला आणि फोनच्या क्लाउड बॅकअपमधलाही, कारण गॅलरीतून गेलेला फोटो बॅकअपमधून परत येतो. पुढे गेलेली सगळी नक्कल परत आणता येत नाही हे खरं. पण साखळी कुठपर्यंत गेली हे कळल्याशिवाय बँकेला ग्राहकाला खरं काही सांगताच येत नाही.

बाकीची पावलं कामाच्या पद्धतीची. पुढचे सहा महिने त्या लिपिकाला फक्त त्याच्या काउंटरवरच्या व्यवहारांपुरतीच खाती उघडता येतील अशी मर्यादा सीबीएसमध्ये घालायची. कर्जखात्यांच्या चौकशीचा अधिकार काढून घ्यायचा. काउंटरवर असताना मोबाइल ड्रॉवरमध्ये ठेवायचा, आणि हा नियम एकट्यालाच नाही, सगळ्या शाखेला, नाहीतर ती शिक्षा होते, दुरुस्ती होत नाही. ग्राहकांच्या गोपनीयतेबद्दलचं प्रशिक्षण पत्रात दिलेल्या तारखेच्या आत पूर्ण करायचं. दर महिन्याला शाखाधिकाऱ्यांनी त्याच्या आयडीचा लॉग काढून त्यातल्या काही नोंदी व्हाउचरशी ताडून बघायच्या आणि एका ओळीचा अहवाल मुख्य कार्यालयाला पाठवायचा. फूट पुन्हा होते आहे का हे कळायची खूण साधी आहे: ज्या खात्यावर त्या दिवशी काहीच काम नव्हतं ते खातं उघडलेलं दिसतं. नातेवाइकांची, शेजाऱ्यांची, सहकाऱ्यांची खाती अशी वारंवार उघडलेली दिसली तर दुसऱ्या तक्रारीची वाट बघायची गरज नसते.

एक पाऊल मात्र कागदावर फारसं येत नाही आणि ते यायला हवं. हा लिपिक भिडेपोटी चुकला. उद्या पुन्हा कुणी मामा, कुणी मित्र, कुणी स्थानिक पुढारी "जरा बघून सांग" म्हणणार आहे. त्याला नकार द्यायला आधार हवा. काही शाखाधिकारी कर्मचाऱ्यांना सरळ सांगून ठेवतात की अशी विचारणा आली तर "साहेबांकडे अर्ज करा" एवढंच म्हणायचं, आणि अर्ज आला की बँक तो खातेदाराच्या संमतीशिवाय नाकारते. नकार लिपिकाच्या तोंडून न जाता बँकेच्या तोंडून जातो. नात्यात कटुता येत नाही आणि माहितीही जात नाही. ताकीदपत्रात हे वाक्य असलं तर शंभर दक्षतांपेक्षा त्याचा उपयोग जास्त.

पत्र मिळाल्याची सही घेताना "मिळाले" एवढंच लिहून घ्यायचं. "मान्य" लिहायचा आग्रह धरायचा नाही. लिपिकाने सही नाकारली तर दोन सहकाऱ्यांच्या सह्यांनिशी तशी नोंद करून पत्र पोचपावतीसह स्पीड पोस्टाने घरी पाठवायचं. अपील कुणाकडे आणि किती दिवसांत करायचं ते पत्रातच लिहायचं. आणि ताकीद सेवापुस्तकात किती काळ विचारात घेतली जाईल तेही. मुदत नसलेली ताकीद वीस वर्षांनीही बढतीच्या आड येते. ते त्या माणसावर अन्यायाचं आहे, आणि नियमात मुदत घातल्याने बँकेचं काही बिघडत नाही.

ताकीद पुरत नाही अशी प्रकरणंही आहेत, आणि ती ओळखता आली पाहिजेत. २००५ साली पुण्यातल्या एका बीपीओतल्या कर्मचाऱ्यांनी एका परदेशी बँकेच्या अमेरिकेतल्या ग्राहकांचे पिन मिळवून त्यांच्या खात्यांतून पैसे वळवले. पोलिसांनी त्यांना अटक केली. तिथे ताकीदपत्राचा प्रश्नच येत नाही. पैशासाठी माहिती देणं, एकगठ्ठा याद्या बाहेर नेणं, पिन किंवा ओटीपीला हात लावणं, किंवा ताकीद मिळाल्यावर पुन्हा तेच करणं, यासाठी आरोपपत्र आणि खातेनिहाय चौकशी लागते. सेवेच्या करारातून हाती आलेली व्यक्तिगत माहिती, कुणाचं नुकसान किंवा गैरफायदा होईल हे ठाऊक असताना उघड करणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ७२अ खाली गुन्हा आहे आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शाखाधिकाऱ्याने असं प्रकरण ताकदेवर मिटवलं तर उद्या त्याला स्वतःलाच खुलासा द्यावा लागेल.

संस्थेच्या डोक्यावर आता आणखी एक टांगती तलवार आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा अधिकार नसताना माहिती उघड होण्यालाही माहितीची फूटच मानतो, आणि दंड कर्मचाऱ्याला नाही, संस्थेला करतो. सुरक्षेची पुरेशी काळजी घेतली नाही तर २५० कोटी रुपयांपर्यंत. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची सवड दिली आहे. त्या लागू झाल्यावर फूट कळताच माहिती संरक्षण मंडळाला आणि ज्याची माहिती गेली त्या माणसालाही कळवावं लागेल. मंडळाला तपशीलवार अहवाल द्यायला ७२ तास मिळतात. त्या अहवालात दोषी कोण आणि पुन्हा घडू नये म्हणून काय केलं हे लिहायचं असतं. ज्या शाखेत लॉग, खुलासा, कलम आणि दुरुस्तीची पावलं कागदावर आहेत तिला तो अहवाल लिहिता येईल. जिथे केबिनमध्ये झापून विषय मिटवला तिथे लिहायला काही नसेल.

आणि ग्राहक? आपल्या प्रकरणात त्यांनी तक्रार केली तेव्हा ताकीद मागितली नव्हती. माहिती कशी गेली, एवढंच विचारलं होतं. बँकेने त्यांना लेखी कळवलं की त्यांच्या कर्जखात्याची माहिती एका कर्मचाऱ्याने अधिकार नसताना बाहेर दिली, ती कळलेल्या व्यक्तींकडून काढून टाकण्यास सांगितलं आहे, कर्मचाऱ्यावर शिस्तभंगाची कारवाई केली आहे आणि शाखेत काय बदल केले आहेत. कर्मचाऱ्याचं नाव आणि शिक्षेचा तपशील त्यात नव्हता. तो द्यायचा नसतो. बँकेच्या उत्तराने समाधान झालं नाही, किंवा ३० दिवसांत उत्तरच आलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते हेही पत्रात लिहिलं होतं. लोकपालाच्या कक्षेत सगळ्याच नागरी सहकारी बँका येत नाहीत. बिगर-अनुसूचित बँकांसाठी ठेवींची किमान मर्यादा आहे. म्हणून आपली बँक त्यात येते का हे शाखेत विचारून घ्यावं. तक्रारीसोबत फोटोची प्रत, तो कधी आणि कुणाकडून आला याची नोंद, आणि बँकेला दिलेल्या अर्जाची पोच, एवढं जोडलं की पुरतं.